हशासाठी सोडलेली जागा

*प्रश्न: सध्या जुन्या अमेरिकन विनोदी मालिका बघतोय. कुणी काही बोललं की मागून लोक हसतात. हे खरे लोक असतात की रेकॉर्ड लावलेलं असतं? कुठे हसायचं ते आपल्याला कळणार नाही असं त्यांना वाटायचं का? ‘द ऑफिस’मध्ये असं कुणी हसत नाही, तरी मी जास्त हसतो. मग आधी याची गरज काय होती, आणि आता त्याऐवजी काय करतात?*

मी मुंबईत टीव्हीच्या कार्यक्रमांचं साउंडचं काम करतो. बावीस वर्षं झाली. त्यातली सहा-सात वर्षं विनोदी कार्यक्रमांवर गेली, म्हणजे तुम्ही ज्याला वैतागलात ते हसणं बसवणाऱ्यांपैकी मी एक. तेव्हा थोडी बाजू घेऊन बोलेन, ते चालवून घ्या.

आधी सोपा भाग. खरे की रेकॉर्ड, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘दोन्ही’ असं असतं. ‘फ्रेंड्स’ किंवा ‘चीअर्स’सारख्या मालिका स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायच्या, आणि ते हसणं मुळात त्यांचंच. उलट साठच्या दशकातल्या कितीतरी मालिकांच्या चित्रीकरणाला एकही प्रेक्षक हजर नसे. ते सगळं हसणं नंतर बसवलेलं. या दोन टोकांच्या मध्ये बराच मोठा पट्टा आहे. त्यात खरं हसणं असतं, पण ते कापलेलं, लांबवलेलं किंवा दुसऱ्या टेकवरून उचलून आणलेलं असतं.

आता तुमचा मधला प्रश्न: हसायचं कुठे हे लोकांना कळणार नाही म्हणून? थोडंसं तसंही होतं. पण आमच्या बाजूने बघितलं तर हसण्याच्या आवाजाचं मुख्य काम वेगळं होतं. तो एक जागा धरून ठेवत असे.

मराठी नाटक बघणाऱ्याला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. नट वाक्य टाकतो, नाट्यगृहात हशा उठतो, आणि नट थांबतो. त्याला आपण ‘लाफ्टर घेणं’ म्हणतो. नवखा नट थांबत नाही, मग त्याचं पुढचं वाक्य हशात बुडतं. फार थांबला तर हशा विरतो आणि रंगमंचावर नको ती शांतता पसरते. मुरलेला नट हशा चढू देतो, तो उतरायला लागला की साधारण अर्ध्यावर पुढचं वाक्य टाकतो. हे गणित प्रत्येक प्रयोगाला बदलतं, कारण समोरचा प्रेक्षक बदलतो. एखाद्या जागी शनिवारी रात्री चार सेकंद थांबावं लागतं आणि मंगळवारी दुपारी थांबायची वेळच येत नाही.

रेडिओवरचे अमेरिकन विनोदवीर याच शाळेतले होते. त्यांचे कार्यक्रम स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर थेट प्रसारित होत. त्यांचा विनोद, त्यांच्या वाक्यांची लांबी, श्वास घ्यायच्या जागा, सगळं समोरच्या हशावर बेतलेलं होतं. घरी रेडिओपाशी बसलेल्या माणसालाही हशासकटच विनोद ऐकायची सवय झाली होती.

मग टेप आली. बिंग क्रॉस्बी या गायकाला थेट प्रसारणाचा कंटाळा होता. जॅक मुलिन नावाच्या इंजिनियरने युद्धानंतर जर्मनीतून टेप रेकॉर्डर आणले होते, आणि 1947 पासून क्रॉस्बीचा कार्यक्रम टेपवर रेकॉर्ड होऊन मग प्रसारित व्हायला लागला. टेप म्हणजे कात्रीने कापून पुन्हा चिकटवता येणारा आवाज. मुलिनने पुढे एक किस्सा सांगितला होता. बॉब बर्न्स हा विनोदवीर पाहुणा म्हणून आला आणि त्याने काही चावट विनोद केले. प्रेक्षक लोटपोट झाले, पण विनोद प्रसारित करण्याजोगे नव्हते. ते कापले. कार्यक्रम लिहिणाऱ्याने मात्र सांगितलं की हसणं टाकू नका, जपून ठेवा. काही आठवड्यांनी एका फिक्या कार्यक्रमात ते हसणं चिकटवलं गेलं. विनोदापासून हसू सुटं झालं ते इथे.

टीव्हीवर 1950 मध्ये ‘द हँक मॅक्यून शो’ नावाच्या मालिकेत असं हसणं बसवल्याची नोंद आहे. पण टीव्हीच्या विनोदाचा साचा पक्का झाला तो पुढच्या वर्षी, ‘आय लव्ह ल्युसी’मुळे. डेझी अर्नाझ आणि ल्युसिल बॉल या नवरा-बायकोने ही मालिका हॉलिवूडमध्ये 35 मिलिमीटर फिल्मवर, पण प्रेक्षकांसमोर करायचं ठरवलं. छायाचित्रकार होता कार्ल फ्रॉइंड. तीन कॅमेरे एकाच वेळी चालायचे, प्रसंग नाटकासारखा सलग व्हायचा, आणि हसू जागेवरच रेकॉर्ड व्हायचं. ल्युसिल बॉलला हशा ऐकत काम करता येत होतं, तो कुठे घ्यायचा हे ती त्या क्षणी ठरवू शकत होती. या पद्धतीला उसनं हसू फारसं लागत नाही.

अडचण झाली ती दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे एकाच कॅमेऱ्यावर, सिनेमासारखं चित्रीकरण करताना. तिथे एक वाक्य सकाळी घेतात, त्याचा प्रतिसाद जेवणानंतर कॅमेरा फिरवून घेतात, आणि रस्त्यावरचा प्रसंग तिसऱ्याच दिवशी. हे बघायला प्रेक्षक बसवून उपयोग नाही. पण चॅनेलवाल्यांना आणि जाहिरातदारांना हशा तर हवाच होता, कारण हशाशिवाय विनोदी कार्यक्रम अर्धवट वाटायचा. इथे चार्ल्स डग्लस येतो.

डग्लस हा सीबीएस या अमेरिकन चॅनेलमध्ये साउंड इंजिनियर होता, त्याआधी नौदलात रडारवर काम केलेला. थेट कार्यक्रमांत त्याला एक गोष्ट खटकायची: प्रेक्षक कधी चांगल्या विनोदाला हसत नाहीत, कधी साध्या वाक्यावर वेड्यासारखे हसत सुटतात. त्याने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला एक यंत्र बनवलं, त्याला पुढे ‘लाफ बॉक्स’ म्हणायला लागले. दोन फुटांहून थोडा उंच डबा, त्यावर टाइपरायटरसारख्या कळा, खाली पायाने दाबायचा पेडल. आत टेपचे लूप. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका यंत्रात 32 लूप होते आणि प्रत्येकावर दहा हसू, म्हणजे एकूण 320. एका कळीवर बायकांची खुसखुस, दुसरीवर एकच माणूस उशिरा हसणारा, तिसरीवर सगळं सभागृह. पेडलने हसू किती वेळ ठेवायचं ते ठरे. डबा कुलूपबंद असायचा आणि आत काय आहे ते डग्लस कुणाला दाखवत नसे. निर्माता शेजारी बसून ‘इथे मोठा, इथे नुसती कुजबुज’ असं सांगे, आणि डग्लस पेटी वाजवावी तसा तो डबा वाजवे.

हे हसू आणलं कुठून? बरंचसं रेड स्केल्टनच्या कार्यक्रमातल्या मूकाभिनयाच्या तुकड्यांतून. त्यामागे शुद्ध तांत्रिक कारण आहे. साध्या विनोदी कार्यक्रमातून हसू उचलायला गेलात तर त्याच्या सुरुवातीला नटाचं शेवटचं अक्षर आणि शेवटाला पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर चिकटून येतं. मूकाभिनयात कुणी बोलतच नाही, त्यामुळे हसू दोन्ही बाजूंनी स्वच्छ सुटतं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. आमच्याकडे मी सहायक होतो तेव्हा एक हसू असं होतं की त्याच्या शेपटाला कुणीतरी ‘अरे’ म्हटल्याचं ऐकू यायचं. तेच हसू चाळीसेक भागांत वाजलं. एका बाईंनी पत्र लिहून विचारलं, हा ‘अरे’ म्हणणारा माणूस रोज येतो का?

डग्लसच्या कामाचं नाव होतं ‘स्वीटनिंग’, गोड करणं. त्यात हसू वाढवणं येतं तसंच कमी करणंही येतं, ही गोष्ट सहसा कुणाला माहीत नसते. प्रेक्षक आठ सेकंद हसले, तर घरी बसलेल्याला त्या आठ सेकंदांत पडद्यावर नुसता थांबलेला नट दिसतो. मग ते हसू तीन सेकंदांवर आणावं लागतं, आणि नटाचा थांबलेला तुकडाही कापावा लागतो. स्टुडिओतला खरा हशाही जसाच्या तसा घरापर्यंत कधीच पोचला नाही.

एक छोटा प्रसंग घेऊन दाखवतो, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं होतं ते कळेल. समजा बाबा स्वयंपाकघरात आहेत, त्यांनी भाजी करपवून कढई खिडकीबाहेर ठेवली आहे. आई आत येते, हवेचा वास घेते आणि विचारते, “काय केलंत?” बाबा म्हणतात, “खिडकी उघडली.” हशा. मग आई खिडकीकडे जाते.

प्रेक्षकांसमोर केलं तर ‘उघडली’ पूर्ण व्हायच्या आतच पहिले दोन-तीन जण हसतात. पाव सेकंदात बाकीचे मिळतात, एका सेकंदाच्या आसपास हशा शिखरावर असतो, आणि अडीच-तीन सेकंदांत विरतो. आई खिडकीकडे वळते ती साधारण दीड सेकंदाला, हशा उतरत असताना. प्रेक्षक ती वळलेली बघतात, खिडकीबाहेर काय आहे ते त्यांना माहीत असतं, म्हणून उतरणाऱ्या हशावर दुसरा हशा चढतो. नाटकवाल्यांना याहून मोठं सुख नसतं.

आता तोच प्रसंग एका कॅमेऱ्यावर, प्रेक्षकांशिवाय. दिग्दर्शक बाबांना सांगतो, वाक्यानंतर दोन सेकंद धर, इथे हसू येणार आहे. बाबा अंदाजाने दोन सेकंद धरतात. आईचा शॉट तासाभराने वेगळा घेतला जातो. एडिटर दोन्ही जोडतो आणि मधे दोन सेकंदांची रिकामी जागा ठेवतो. मग माझ्यासारखा माणूस तिथे हसू बसवतो. मी हसू वाक्य संपल्यावर सुरू केलं तर ते हुकुमावर हसल्यासारखं वाटतं, म्हणून शेवटच्या अक्षराखाली एक बारीक खुसखुस आधी सरकवतो. शिखर मग येतं. उतार लांब ठेवून आईच्या पहिल्या पावलाखाली विरू देतो. शेपूट कचकन तोडलं की कानाला लगेच कळतं, दार बंद झाल्यासारखं. आणि खोलीचा घुमारा जुळवावा लागतो. मोठ्या सभागृहातलं हसू छोट्या स्वयंपाकघराच्या प्रसंगावर टाकलं की ते शेजारच्या इमारतीतून आल्यासारखं ऐकू येतं.

पण सगळं नीट केलं तरी एक गोष्ट माझ्या हातात नसते. आई वळली त्यावर दुसरा हशा चढायला हवा होता, त्याची जागा कुणी ठेवलेलीच नाही. चित्रीकरणाच्या वेळी तो हशा कुणाला ऐकू आला नव्हता, त्यामुळे तो येणार हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बसवलेल्या हसण्याची खरी मर्यादा ही आहे. लेखकाने आणि दिग्दर्शकाने आधी कल्पिलेल्या जागीच ते हसतं, भलत्या जागी कधीच नाही.

हिशोबही बघा. बावीस मिनिटांचा भाग, समजा मिनिटाला तीन हशे, प्रत्येकाला सव्वादोन सेकंद. झाली जवळजवळ अडीच मिनिटं. प्रत्येक भागात अडीच मिनिटं अशी, की त्यात पडद्यावर कुणी काही करत नाही, फक्त थांबतात. लेखक ती जागा सोडून लिहितो, नट ती सोडून बोलतो, एडिटर ती सोडून कापतो. त्यामुळे ‘हसू काढून टाका’ म्हणणं म्हणजे भिंतीवरचा रंग खरवडण्याइतकं सोपं काम नाही. ती मधली वीटच आहे.

हे किती खोल गेलं होतं ते एका माणसाच्या कारकिर्दीत दिसतं. रॉन हॉवर्ड, जो पुढे मोठा सिनेदिग्दर्शक झाला, तो लहानपणी 1960 ते 1968 ‘द अँडी ग्रिफिथ शो’मध्ये होता. एका कॅमेऱ्यावरची मालिका, बाप-लेक मासे पकडायला निघालेत, उघडं माळरान, आणि मागे हसणारे लोक. हे लोक कुठे बसले होते असा प्रश्न त्या काळी फारसा कुणी विचारत नसे. मग 1974 मध्ये तो ‘हॅपी डेज’चा नायक झाला. पहिले दोन सीझन पुन्हा तीच पद्धत, एक कॅमेरा आणि बसवलेलं हसू. दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग प्रेक्षकांसमोर करून बघितला, आणि तिसऱ्यापासून सगळी मालिकाच प्रेक्षकांसमोर गेली. तुम्हाला मिळाले तर पहिल्या सीझनचा एक भाग आणि चौथ्याचा एक भाग लागोपाठ बघा. पहिल्यात माणसं हळू बोलतात, सिनेमासारखी हलतात. चौथ्यात सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून, मोठ्या आवाजात, आणि फॉन्झी हे पात्र नुसतं दारातून आत आलं तरी टाळ्या थांबेपर्यंत त्याला उभं राहावं लागतं. पात्रं तीच, नटही बहुतेक तेच. थांबायचं कधी हे ठरवणारा बदलला, आणि त्याबरोबर मालिकेची प्रकृतीच बदलली.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत असं बऱ्याच ठिकाणी झालं. बसवलेल्या हसण्याची लोकांना आणि निर्मात्यांनाही चीड यायला लागली होती. ‘ऑल इन द फॅमिली’सारख्या मालिका मुद्दाम जाहीर करायच्या की हे प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलं आहे. पण प्रेक्षकांसमोर होणाऱ्या कितीतरी मालिकांतही थोडी सजावट असायची. कारण साधं आहे: एका भागाचं चित्रीकरण तासन् तास चालतं, मधल्या वेळात प्रेक्षकांना ताजं ठेवायला एक विनोदवीर नेमलेला असतो, आणि एकच विनोद तिसऱ्यांदा ऐकल्यावर कुणीही मनापासून हसत नाही. नटाचा तिसरा टेक सर्वांत चांगला आणि प्रेक्षकांचा पहिला, मग पहिल्याचं हसू तिसऱ्याखाली सरकवायचं. ही चोरी म्हणायची का, ते तुम्ही ठरवा. मला नाही वाटत.

या काळातला सगळ्यात बोलका झगडा ‘मॅश’चा. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची विनोदी मालिका, 1972 ते 1983. ती विकसित करणारे लेखक लॅरी गेल्बार्ट यांना हसू नकोच होतं. सीबीएस म्हणे, पाहिजेच. तोडगा असा निघाला की शस्त्रक्रियेच्या खोलीत हसू वाजणार नाही, बाकी ठिकाणी वाजेल. आमच्या नजरेने ही फार शहाणी वाटाघाट होती. एकाच भागात तंबूत हसू असतं, आणि दार ढकलून शस्त्रक्रियेच्या खोलीत गेलं की ते बंद. कुणी न सांगता कानाला कळतं की आता गोष्ट बदलली. पुढे काही भाग संपूर्ण हसण्याशिवाय केले गेले. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका मुळातच हसू काढून दाखवली, आणि डीव्हीडीवर दोन्ही पर्याय दिले गेले. मी दोन्ही ऐकले आहेत. हसू काढलं की तंबूतले विनोद जास्त कडू होतात. माणसं भीती झाकायला बोलताहेत असं वाटतं, आणि बहुधा गेल्बार्ट यांना तेच हवं होतं.

चॅनेलवाले इतके हट्टी का होते? नुसतेच मूर्ख होते असं म्हणून चालणार नाही. ‘होगन्स हीरोज’ ही मालिका 1965 मध्ये सुरू होण्याआधी सीबीएसने पहिला भाग हसण्यासह आणि हसण्याशिवाय असा दोन्ही प्रकारे प्रेक्षकांना दाखवला. हसण्याशिवायचा पडला, हसण्यासहचा चालला. अलीकडे, 2019 मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी अगदी फालतू शाब्दिक कोट्या लोकांना ऐकवल्या. काही नुसत्या, काहींच्या मागे हसू लावून. हसू लावलेल्या कोट्या लोकांना जास्त मजेदार वाटल्या, आणि मुद्दाम काढलेल्या हसण्यापेक्षा उत्स्फूर्त हसण्याचा परिणाम जास्त झाला. म्हणजे डबा काम करतो. तो चांगल्या हसण्याने भरलेला असला की जास्त करतो. फक्त त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती वर सांगितलेली अडीच मिनिटं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आधुनिक मालिकांनी त्या जागी काय ठेवलं. रॉन हॉवर्ड इथे तिसऱ्यांदा भेटतो. 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’चा तो एक निर्माता होता आणि निवेदकही. हातात धरलेला कॅमेरा, प्रेक्षक नाहीत, हसू नाही. पात्र म्हणतं, मी असं कधीच करणार नाही, आणि हॉवर्डचा शांत आवाज सांगतो की त्याने ते केलं. ज्या जागी चाळीस वर्षांपूर्वी त्याच्यामागे माळरानावर लोक हसले असते, तिथे आता तोच बोलतो. हशाची जागा नव्या विनोदाने भरली. यातून सगळ्यात मोठा फरक पडला तो वेगात. थांबायचं नाही म्हटल्यावर त्याच बावीस मिनिटांत कितीतरी जास्त मजकूर मावायला लागला. एखादा विनोद तुमच्याकडून निसटला तरी त्याची फिकीर नाही, कारण डीव्हीडी आली होती आणि लोक पुन्हा बघणार होते. हशा असलेल्या मालिकेला असा उधारीवरचा विनोद परवडत नाही. प्रेक्षक हसले नाहीत तर तिथेच भोक पडतं.

तुम्ही म्हणता त्या ‘द ऑफिस’ने मात्र वेग वाढवला नाही. 2001 ची ब्रिटिश आणि 2005 ची अमेरिकन, दोन्हींनी उलट शांतता वाढवली. कार्यालयावर माहितीपट बनतोय अशी बतावणी आहे, त्यामुळे पात्रांना कॅमेरा दिसतो. साहेब काहीतरी भयंकर बोलतात, आणि कॅमेरा झटकन झूम करून कोपऱ्यातल्या टेबलावरच्या माणसाकडे जातो. तो माणूस सेकंदभर थेट तुमच्याकडे बघतो. बस्स. हे मोजून बघा. तो कटाक्ष वाक्यानंतर साधारण तेवढ्याच अंतराने येतो आणि तेवढाच वेळ टिकतो, जेवढा जुन्या मालिकेत हशा टिकला असता. मी एकदा टाइमलाइनवर दोन्ही शेजारी ठेवून बघितलं होतं, कामाचा दिवस होता आणि कुणी बघत नव्हतं. जागा तीच, भाडेकरू नवा. तीनशे लोकांच्या हशाऐवजी एक माणूस, आणि तो हसतही नाही, फक्त ‘तुम्ही ऐकलंत ना?’ असं डोळ्यांनी विचारतो. एकट्याने बघताना तुम्हाला जी सोबत लागते ती त्याच्याकडून मिळते. तुम्ही जास्त हसता, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

दुसरं कारण आमच्या खात्यातलं आहे, म्हणून जरा रेंगाळतो. ‘द ऑफिस’मध्ये पार्श्वसंगीत नाही. साहेबांच्या वाक्यानंतर जी शांतता पडते ती खरं तर शांतता नसते. त्यात एसीचा घर्रघर्र असतो, कुठेतरी प्रिंटर, लांबच्या टेबलावर फोन, खुर्चीचं करकरणं. याला आम्ही रूम टोन म्हणतो, आणि विनोदी दृश्यात तो वर-खाली करणं हे आता हसू बसवण्याइतकंच नाजूक काम आहे. रूम टोन काढून टाकला तर प्रेक्षकाला वाटतं टीव्हीचा आवाज गेला. जास्त ठेवला तर अवघडलेपणा फुटतो. नवीन मुलं इथे हटकून एक चूक करतात: शांतता भीतिदायक वाटते म्हणून तिथे टुण्णकन एखादा तंतुवाद्याचा सूर टाकतात. विनोदाखाली वाजणारा असा सूर म्हणजे वेश बदललेलं बसवलेलं हसूच, आणि मूळच्याइतकं प्रामाणिकही नाही.

मधला एक मार्गही सांगून टाकतो. ‘हाउ आय मेट युअर मदर’ 2005 पासून चालली. तिच्यात इतक्या उड्या होत्या, भूतकाळ, कल्पना, पाच सेकंदांची दृश्यं, की प्रेक्षकांसमोर करणं अशक्य होतं. त्यांनी भाग आधी चित्रित करून जोडला, मग तो प्रेक्षकांना बसवून दाखवला आणि त्यांचं हसू रेकॉर्ड केलं. हसू खरं, पण नटांनी ते कधी ऐकलेलं नाही. तिथेही ते अंदाजानेच थांबलेले आहेत.

यूट्यूबवर लोक जुन्या मालिकांतलं हसू काढून टाकलेल्या चित्रफिती टाकतात, आणि खाली लिहितात की बघा, यात विनोदच नव्हता. तुम्हीही बघितल्या असतील. त्यात पात्रं एकमेकांकडे खुळ्यासारखी बघत उभी असतात, माणसं क्रूर किंवा वेडी वाटतात. हा प्रयोग मला पटत नाही. हसू काढलं, पण हसण्यासाठी ठेवलेली जागा तशीच ठेवली. नाटकाचं रेकॉर्डिंग घेऊन त्यातले प्रेक्षक पुसले तर चांगल्यातला चांगला नटही भ्रमिष्ट दिसेल.

मी एकदा उलट करून बघितलं. अशाच एका मालिकेचं मिनिटभराचं दृश्य घेतलं, हसू काढलं, आणि थांबलेल्या जागाही कापल्या. क्लोजअपमध्ये जमलं. वाक्याला वाक्य भिडलं आणि दृश्य एकदम आजच्यासारखं चटपटीत झालं. मग आला रुंद शॉट, सोफ्यावर तिघं आणि दारात एक. तिथे कापायला गेलो तर तिघांच्याही माना एकाच वेळी उडी मारायच्या. चौघंही एकत्र, एकाच हशासाठी थांबले होते, आणि एकाच फ्रेममध्ये. तेवढा तुकडा मी तसाच सोडला.